काळी मशीन टाके गाळतेय, दोराही तुटतोय: टायमिंगच गेलंय का?

रानजाई
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सासूबाईंच्या वेळची काळी, बिडाची मशीन आहे. पायट्याची होती, आता मोटर लावून घेतलीये. तिच्यावर मी जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवते, आमच्या बचतगटाकडून ऑर्डर असते. पिशवीचं अंग नीट शिवलं जायचं, पण बंद लावायची वेळ आली की टाके सुटायचे. हल्ली बंदाचं सोडाच, साध्या सुती कापडावरही तीन-चार टाके नीट पडतात आणि मग एक लांबलचक उडी. मध्येच वरचा दोरा तुटतो. सुई १६ नंबरची, नवीन घातली तरी तेच.

गावातले मिस्त्री बघून गेले. त्यांचं म्हणणं, टायमिंग गेलंय, शटल आणि शटलची रिंग दोन्ही बदला. सामान महाग नाही फार, पण बदलूनही तसंच राहिलं तर? कुणी असं दुखणं काढलंय का? दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर आहेत, म्हणून जरा घाई आहे.

कोकणवारा
टेन्शन सैल करा ताई. वरचा स्क्रू अर्धा फेरा मागे घ्या. दोरा तुटणं थांबेल, टाकेही सुटणार नाहीत. आमच्या मशीनचं ऐंशी टक्के दुखणं टेन्शनचंच असतं. खालून गुच्छा येत असेल तर बॉबिन केसचा बारका स्क्रू थोडा आवळा.

निळीरीळ
मोटर लावल्यापासून सुरू झालं का? मोटरचा वेग या जुन्या मशीनला सोसत नाही असं ऐकलंय.

चाकोरी
माझीही हीच तक्रार! लेकीच्या डान्सच्या कपड्यांचं लायक्रा शिवायला घेतलं आणि एकही टाका सरळ पडत नाही. माझी मशीन मात्र नवी, पांढरी, झिगझॅगवाली. म्हणजे नवीन मशीनचंही टायमिंग जातं का? वॉरंटीत दाखवू का?

सुतारपक्षी
वडिलांचं मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या हाताखाली शिकलो आणि अजून तेच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रानजाईताई, शटल बदलायची घाई करू नका. आधी टाका पडतो कसा ते डोळ्यांसमोर आणा. सुई अगदी खाली जाते, तिथून जरा वर यायला लागते, आणि त्याच क्षणी दोरा कापडाला अडकून मागे राहतो. सुईच्या पाठीला त्याचा छोटासा फुगा होतो. शटलची चोच त्या फुग्यातून जाते आणि खालच्या दोऱ्याला गाठ घालते. फुगा झालाच नाही, किंवा चोच पोचेपर्यंत तो भलत्याच उंचीवर असला, की टाका सुटला. म्हणून टाके सुटले की पहिला प्रश्न सुईचा आणि उंचीचा, टेन्शनचा नाही. कोकणवारा म्हणतात तसं वरचं टेन्शन फारच आवळलेलं असेल तर फुगा बारीक होतो हे खरं, पण तशा वेळी कापडाला चुण्याही पडलेल्या दिसतील. ताईंनी चुण्यांचं काही लिहिलेलं नाही.

तेव्हा मला एवढंच सांगा: टाके सगळ्याच कापडावर सुटतात की फक्त जाड ठिकाणी? हे सुरू व्हायच्या आसपास बंद शिवताना सुई मोडली होती का, किंवा "टक्" असा आवाज आला होता का? आणि सुई बसवताना तिची चपटी बाजू कुठल्या दिशेला असते?

चाकोरीताई, तुमचं दुखणं निराळं आहे, वॉरंटीचं नंतर बघू. खाली लिहितो.

रानजाई
सुई मोडली होती हो! बंदाच्या टोकाला, जिथे कॅनव्हासचे चार पदर आणि वर पट्टा येतो तिथे. मोठा आवाज झाला. त्यानंतरच साध्या कापडावर टाके सुटायला लागले हे आत्ता तुम्ही विचारल्यावर लक्षात येतंय. चपटी बाजू उजवीकडे ठेवते, दोरा डावीकडून ओवते. सासूबाईंनी तसंच दाखवलं होतं.

सुतारपक्षी
मग नव्वद टक्के चोर सापडला. सासूबाईंनी बरोबर दाखवलंय. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मशिनींना तसंच असतं. सुईला एका बाजूला लांब खाच असते, ती दोरा जिकडून ओवायचा तिकडे, आणि चपटी बाजू शटलच्या चोचीकडे. उलटी बसवली तर टाका मुळीच पडत नाही, त्यामुळे तो प्रश्न तुमच्याकडे नाही.

सुई जोरात आपटते तेव्हा ज्या दांड्याला सुई लावलेली असते तो दांडा आपल्या पकडीतून वर सरकतो. अर्धा-एक मिलिमीटर सरकला तरी खेळ खलास. काळ्या मशीनच्या शटलला हलवणारे आतले भाग सहजासहजी जागा सोडत नाहीत. जागा सोडतो तो दांडा. मिस्त्री ज्याला "टायमिंग गेलं" म्हणतात ते शंभरातल्या बहुतेक वेळा हेच असतं, आणि शटल नवं घातलं तरी दांडा तिथेच राहतो.

बघायचं असं. मोटरची पिन काढा. नवी सुई पूर्ण वर रेटून बसवा आणि स्क्रू आवळा. बॉबिन केस काढा, सरकती पत्री बाजूला करा, सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचला. डोक्यामागचे बिजागर मोकळे करून मशीन मागे कलंडवली की आत नीट दिसतं, टॉर्च घ्या. आता चाक हाताने आपल्याकडे फिरवा, उलटं नाही. सुई अगदी तळाला जाऊन वर यायला लागली की शटलची चोच सुईमागून पुढे येताना दिसेल. चोच सुईच्या मध्यावर आली तिथे थांबा. त्या वेळी चोच सुईच्या नेढ्याच्या वरच्या काठापासून साधारण दीड मिलिमीटर वर हवी. तुमची चोच नेढ्याच्या समोर किंवा त्याच्याही खाली दिसेल असा माझा अंदाज आहे. दांडा वर सरकला म्हणजे नेढं वर गेलं, आणि चोच फुग्याखालून निघून जाते.

दिसलं ते लिहा, मग दुरुस्ती सांगतो. त्याआधी काहीही सैल करू नका.

सुतारपक्षी
आता चाकोरीताई. लायक्रावर टाके सुटणं हे मशीनचं दुखणं नसून कापडाचं आहे. ताणाचं कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं, त्यामुळे फुगा धरलाच जात नाही. साधी सुई काढा आणि "स्ट्रेच" लिहिलेली ७५/११ नंबरची घ्या. तिचं टोक गोलसर असतं आणि पाठीचा खळगा जरा खोल असतो, त्यामुळे चोच जवळून जाते. कापड हाताने ताणू नका. प्रेशर फूटचा दाब कमी-जास्त करायची सोय असेल तर तो आधी थोडा वाढवून बघा, कापड धडधडायचं थांबतं. पण फार वाढवलात तर कापड लाटांसारखं पसरतं, मग परत उतरवा.

चाकोरी
स्ट्रेच सुई आणली दादा. फरक जमीन-अस्मानाचा! अजून अधूनमधून एखादा सुटतो, झिगझॅग अगदी बारीक ठेवला की कमी होतो. लेक खूश आहे.

इस्त्रीवाली
मी लायक्राखाली वर्तमानपत्राचा पातळ कागद ठेवून शिवते आणि नंतर फाडून टाकते. टाके सुटत नाहीत. पांढऱ्या कापडाला शाई लागते, तेव्हा कोरा कागद घ्यावा.

कोकणवारा
सुतारपक्षी, तुम्ही टेन्शन बाजूला सारलंत ते मला पटलं नाही. खालून दोऱ्याचा गुच्छा येतो तेव्हा बॉबिन केस आवळल्यावर माझ्याकडे बरं झालंय, हा अनुभव आहे.

सुतारपक्षी
अनुभव खोटा नाही, कारण मात्र दुसरं असू शकतं. कापडाच्या खालच्या बाजूला गुच्छा म्हणजे वरचा दोरा सैल. वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, म्हणून तो सगळा खाली ओढला जातो. प्रेशर फूट वर असताना चकत्या मोकळ्या असतात, तेव्हाच दोरा ओवायचा. फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या वरच राहतो आणि माणूस खालचं आवळत बसतो. तुम्ही बॉबिन केस सैल-घट्ट करताना केस बाहेर काढली, दोरा परत ओवला, आणि त्यात वरचाही परत ओवला गेला असेल तर बरं होणारच.

बॉबिन केसचा अंदाज घ्यायचा असेल तर बॉबिन भरलेली केस दोऱ्याला धरून हवेत लोंबकळू द्या. ती आपोआप घसरली नाही पाहिजे, आणि मनगटाला हलका झटका दिला की बोटभर खाली आली पाहिजे. हे जमलं की त्या स्क्रूला हात लावू नका. बाकीचं वरच्या टेन्शनवर सांभाळायचं.

कोकणवारा
फूट वर करून ओवायचं हे माहीत होतं, पण घाईत पाळलं जात नसावं. बघतो.

निळीरीळ
माझा मोटरचा प्रश्न राहिला. :)

सुतारपक्षी
मोटरमुळे टायमिंग जात नाही. पण मोटरवर पायट्यासारखा अंदाज राहत नाही, जाड ठिकाणी वेगात सुई घुसते आणि आपटते. दांडा सरकायला तोच वेग कारण होतो.

रानजाई
बघितलं! लेकाने टॉर्च धरला. तुम्ही म्हणालात तसंच आहे, चोच सुईच्या मध्यावर आली तेव्हा नेढ्याच्या अगदी समोर, उलट जराशी खालीच वाटली. मिस्त्रींनी हे बघितलंच नव्हतं, वरून चाक फिरवून आवाज ऐकला फक्त. आता काय करू?

सुतारपक्षी
सुईवरच्या बाजूला, मशीनच्या डाव्या तोंडावर जी पत्री आहे ती काढा. आत सुईचा दांडा एका ठोकळ्यात धरलेला दिसेल, त्या ठोकळ्याला एक स्क्रू असतो. सुई तळाशी असताना तो बहुतेक मशिनींत समोरून दिसतो. सैल करण्याआधी दांड्यावर जिथे ठोकळ्याची कड आहे तिथे पेन्सिलने बारीक खूण करा, म्हणजे परत येण्याची जागा राहील. काही मशिनींच्या दांड्यावर कारखान्याच्या आडव्या रेषा असतात, त्या दिसल्या तर सांगा.

स्क्रू थोडासाच सैल करा, दांडा हाताने सरकेल इतका. एकदम खाली खेचू नका, अर्ध्या मिलिमीटरच्या अंदाजाने खाली घ्या. मग स्क्रू आवळून चाक फिरवा आणि चोच बघा. चोच नेढ्याच्या वर दीड मिलिमीटरला आली की झालं. दोन गोष्टी मात्र जपा. दांडा स्वतःभोवती फिरता कामा नये, नाहीतर सुईची पाठ चोचीकडे राहत नाही आणि उंची बरोबर असूनही टाके सुटतात. आणि बॉबिन केस लावून सुई तळाशी नेऊन बघा, सुई कशालाही टेकता कामा नये.

मोरपंखी
मी रात्रीची वाचतेय आणि मला मात्र एक वेगळं विचारायचंय. पैठणीच्या काठाला जरीच्या दोऱ्याने टीप मारते, तो सारखा तुटतो, उसवतो. सुई १४. हे पण टायमिंगचं असेल का?

सुतारपक्षी
नाही. जरीचा दोरा सुईच्या नेढ्यात घासून वरची पत्री सोलून निघते. मोठ्या नेढ्याची सुई घ्या, वरचं टेन्शन निम्म्यावर आणा, हळू शिवा. नाही जमलं तर जरीचा दोरा वर ठेवूच नका, बॉबिनमध्ये भरा, बॉबिन केस थोडी सैल करा आणि कापड उलटं ठेवून शिवा. जरीचा दोरा सरळ बाजूला येतो आणि सुईतून जातच नाही. त्यासाठी एक बॉबिन केस वेगळी ठेवा, रोजच्या केसचा स्क्रू हलवू नका.

मोरपंखी
उलटी शिवायची युक्ती भारी आहे! ब्लाउजवर करून बघते. पण वरचा दोरा जरीच्या बाजूला दिसणार नाही ना?

इस्त्रीवाली
थोडा दिसेल, म्हणून वरून जरीच्या रंगाला जुळेल असा सोनेरी-पिवळा रेशमी दोरा घे.

रानजाई
दांडा खाली घेतला. स्क्रू गंजला होता, रॉकेल सोडून रात्रभर ठेवावा लागला. आता सुती कापडावर एकही टाका सुटत नाही! कॅनव्हासचे दोन पदरही नीट. किती बरं वाटतंय सांगू, शटलचे पैसे वाचले ते वेगळेच.

पण बंदाला मी जाड दोरा वापरते, पिशवीवाल्यांचा. तो अजूनही तुटतो. तुटण्याआधी सुईजवळ त्याला मांजराच्या मिशांसारखे धागे फुटतात.

सुतारपक्षी
छान! मिशा फुटणं म्हणजे दोरा कशाला तरी घासतोय. आधी सुई. तोच जाड दोरा हातभर कापून त्यात मोकळी १६ नंबरची सुई ओवा. दोरा ताणून धरा आणि एक टोक वर करा. सुई आपोआप घसरत खाली आली पाहिजे. अडखळली तर त्या दोऱ्याला ती सुई लहान आहे. घासून घासून दोरा पिंजतो आणि फुगाही नीट होत नाही. मग १८ वापरा. घरगुती मशीनची चपट्या देठाची सुई मागा, पाकिटावर एचएएक्स१ किंवा १५एक्स१ असतं. दुकानदार कधी कधी कारखान्याच्या मशीनची गोल देठाची डीबीएक्स१ देतो, ती या मशीनची नाही, नेढं नेमकं जागेवर येत नाही आणि आपण परत दांडा हलवायला बसतो.

दुसरं, सुई आपटली तेव्हा ती शटलच्या चोचीलाही लागली असेल. शटल बाहेर काढून चोचीवरून नखाची कड फिरवा. नख अडलं तर तिथे खरखर आहे. सुईखालच्या पट्टीच्या भोकाची कडही तशीच बघा.

कोकणवारा
त्या भोकाला एकदा मला दिसेल एवढी खाच पडली होती. दोरा ठरावीक अंतराने तुटायचा आणि मी रीळ बदलत बसायचो. ताई, तेही बघाच.

रानजाई
सुई घसरत नाही! १६ मध्ये जाड दोरा अडकूनच बसला. आणि हो, चोचीवर नख अडतं, अगदी टोकाजवळ. म्हणजे मिस्त्री शटल बदला म्हणाले ते बरोबरच होतं का मग?

सुतारपक्षी
बारीक खरखर असेल तर बदलायची गरज नाही. हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून चोचीच्या दिशेने हलकेच फिरवा, आडवा नाही. टोक बोथट होईल इतकं घासू नका. टोक तुटूनच गेलं असेल तर मात्र शटल बदलावं लागेल, घासून टोक परत येत नाही. घासल्यावर रॉकेलने धुऊन मशीनचं तेल एक थेंब सोडा. खोबरेल नको, ते हिवाळ्यात थिजतं आणि जुनं झालं की डिंकासारखं चिकटतं.

धुळीकण
इथे जरा वेगळं मत मांडते. मी बारा महिने जीनच्या पिशव्या शिवते. १८ ची सुई घातली की नेढ्याजवळ सुई जाड, चोच तिला घासते. त्यापेक्षा १६ ठेवून दोरा एक नंबर बारीक घ्यावा, बंदाला दोनदा टीप मारावी. मजबूतही होते.

सुतारपक्षी
धुळीकणताई, दोन टिपांचं म्हणणं रास्त आहे, पातळ दोऱ्याच्या दोन टिपा बंदाला चांगल्या धरतात. पण १८ ची सुई घासतेच असं नाही. सुई बदलली की चाक हाताने फिरवून बघायचं. चोचीने सुईला ढकलल्यासारखं दिसलं तर नाही वापरायची. सुई आणि चोच यांच्यात कागदाएवढी फट हवी. प्रत्येक मशीनचं शटल किती झिजलंय त्यावर ठरतं. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच मशिनींवर १८ सुरळीत चालते.

धुळीकण
माझीवर नाही चालत. दोन सुया मोडून बघितल्या.

सुतारपक्षी
तुमच्या मशीनचं शटल मग हातात घेऊन बघायला हवं, इथून सांगता येणार नाही.

रानजाई
चोच घासली, १८ ची सुई घातली, हाताने फिरवून बघितलं, घासत नाही. जाड दोरा तुटायचा थांबला. एकच राहिलंय. पट्टा संपतो तिथे जाडी एकदम वाढते, त्या पायरीवर चढताना अजूनही एखाददुसरा टाका सुटतो.

धुळीकण
फूटच्या मागे तेवढ्याच जाडीची कॅनव्हासची घडी सरकवा. फूट तिरका होतो म्हणून सुटतो तो टाका. सपाट राहिला की कापड सुईबरोबर उचललं जात नाही.

सुतारपक्षी
एकदम बरोबर. शिवाय त्या पायरीवर मोटर सोडा आणि चाक हाताने फिरवा. कापड मागून ओढायचं नाही, ओढलं की सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि परत दांडा वर. शक्य असेल तर शिवण्याआधी ती पायरी लाकडी हातोडीने ठोकून बसवा, कॅनव्हास चांगला दबतो.

निळीरीळ
बिजागर मोकळे करून मशीन मागे टाकायची, तर माझ्या मशीनचे बिजागर गंजून जाम झालेत. रॉकेलच का?

सुतारपक्षी
रॉकेल सोडा, एक दिवस ठेवा, मग पेचकस घट्ट बसवून हळूच फिरवा. खाच खाल्ली तर पुढे फार त्रास होतो.

रानजाई
घडीची युक्ती चालली. पायरीवर दहा पिशव्यांत एका ठिकाणी टाका सुटला, तिथे परत टीप मारून घेतली. धुळीकणताई, दोन टिपांचंही करून बघणार आहे, पुढची ऑर्डर तागाच्या पिशव्यांची आहे आणि ताग कॅनव्हाससारखा दबत नाही असं ऐकलंय. तागावर कुठली सुई वापरता तुम्ही?

धुळीकण
तागावर १६ च, पण टाका जरा मोठा ठेवा. बारीक टाक्याने तागाचे धागे कापले जातात आणि बंद कापडासकट सुटून येतो. आणि दर दोन-तीन पिशव्यांनी शटलखालचा तागाचा भुसा ब्रशने काढा, तो साचला की परत टाके सुटायला लागतात.